न मिळालेली पावती, अडकलेले डिपॉझिट आणि घरमालकांना लिहायचे पत्र

प्रश्न: रत्नागिरीत एका जुन्या चिरेबंदी घराच्या तळमजल्यावर मी जून २०२४ ते एप्रिल २०२५ अशा अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत होते. भाडे ९,००० आणि डिपॉझिट ४०,०००, सगळे बँकेतून दिले. फक्त सप्टेंबरचे भाडे मालक गणपतीला मुंबईहून आले होते तेव्हा रोख हातात दिले आणि पावती घ्यायची राहून गेली. डिपॉझिटचे विचारले की 'गणपतीला आलो की बघू' म्हणायचे. यंदा गणपतीला आले आणि आता म्हणतात की सप्टेंबरचे भाडे मिळालेच नाही, शिवाय रंगाचे १२,००० आणि लाईट बिलाचे १,१४० कापणार. एक काच माझ्याकडून फुटली होती हे खरे आहे. मी पत्रात लिहिले आहे, 'एखाद्या महिन्याचे भाडे राहिले असल्यास ते वळते करून घ्यावे, पण उरलेले पैसे लवकर द्यावेत.' असे चालेल का?

उत्तर:

ते वाक्य काढून टाका. आपल्या मनात ते समजुतीने लिहिलेले असले तरी कागदावर त्याचा अर्थ इतकाच राहतो की भाडे राहिले असण्याची शक्यता भाडेकरूने स्वतः मान्य केली आणि ते डिपॉझिटमधून कापायला संमतीही दिली. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांनी जवळपास याच शब्दांत पत्र पाठवले होते. त्यांच्याकडे पैसे दिल्याचा पुरावा चांगला होता, पण तडजोडीच्या बैठकीत समोरच्या वकिलांनी ते एक वाक्य वाचून दाखवले आणि पुढचा सगळा वेळ त्या वाक्याचा खुलासा करण्यात गेला. आपल्या प्रकरणात तर न दिलेली पावती हेच डिपॉझिट अडवण्याचे कारण बनले आहे, म्हणून पत्रात आधी सप्टेंबरच्या भाड्याचा विषय पुराव्यासह पूर्ण मांडायचा आणि मगच डिपॉझिटच्या हिशोबाकडे यायचे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणू नका.

आता पावती नसताना भाडे दिल्याचे कसे दाखवायचे, हे पाहू. पावती हा सर्वांत सोयीचा पुरावा आहे, पण तो एकमेव नाही. आपण कोणत्या तारखेला पैसे दिले ते आधी नक्की करा. २०२४ मध्ये गौरी विसर्जन १२ सप्टेंबरला होते, त्यामुळे मालक गावी कधी आले आणि कधी परतले हे आठवायला तो एक पक्का धागा आहे. त्या दोन-तीन दिवसांत आपण एटीएममधून रक्कम काढली असेल तर पासबुकात नोंद सापडेल. त्यानंतर त्या महिन्यातला दोघांमधला व्हॉट्सअ‍ॅप संवाद शांतपणे वाचून काढा. माझा अनुभव असा की रोख भाडे देणारी बहुतेक माणसे त्याच संध्याकाळी 'सप्टेंबरचे दिले हं' असा एखाद्या ओळीचा संदेश पाठवतात आणि नंतर तो पूर्ण विसरून जातात. असा संदेश आणि त्यावर मालकांचा नुसता 'हो' सापडला, तरी तो पावतीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदी न्यायालयात देताना सोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते आणि ते देण्यासाठी मूळ संवाद उपकरणात असलेला बरा.

हे दोन्ही नाही सापडले तरी एक गोष्ट आपल्या बँकेच्या उताऱ्यात आहेच. ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ अशी सात महिन्यांची भाडी मालकांनी खात्यात घेतली आणि त्या सात महिन्यांत सप्टेंबरची बाकी आहे असे एकदाही लिहून कळवले नाही. ज्याचे नऊ हजार थकले आहेत तो माणूस पुढच्या महिन्याचे भाडे येताच आधीची आठवण करून देतो. ही बाकी डिपॉझिट परत मागितल्यानंतरच प्रथम निघाली, हे तारखांसह मांडले की वाचणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

पावती मागताना एक चूक मात्र टाळा. 'सप्टेंबर २०२४ च्या तारखेची पावती द्या' असे कधीही लिहू नका. आज लिहिलेल्या कागदावर मागची तारीख घालणे म्हणजे खोटा कागद तयार करणे होय, आणि मालकांनी नकार दिला तर तो नकार योग्यच ठरेल. पावतीवर आजची तारीख हवी आणि मजकुरात 'अमुक तारखेला सप्टेंबर २०२४ च्या भाड्यापोटी रुपये ९,००० रोख मिळाले' असे हवे. रक्कम पाच हजारांहून अधिक असल्याने एक रुपयाचे राजस्व तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. मी नेहमी असे सुचवतो की पावतीचा मजकूर आपणच लिहून, तिकीट चिकटवून पत्रासोबत पाठवावा. मालकांना फक्त सही करून परत पाठवायचे उरते, आणि त्यांनी तेही केले नाही तर न करण्याला गैरसोयीचे कारण राहत नाही.

कायद्याचा हवाला किती द्यावा हे नीट समजून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे घरमालकाने मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास दोष सिद्ध झाल्यावर दररोज शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुष्कळ जण पहिल्याच पत्रात हे कलम धमकीसारखे वापरतात. आपण तसे करू नये असे मला वाटते, कारण आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण कागदावर आपण परवानाधारक आहोत, आणि हे कलम भाडेकरूंसाठी आहे, परवानाधारकासाठी नाही, असा वाद समोरचा वकील घालू शकतो. शिवाय हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, म्हणून एखाद्या खेडेगावातल्या घरासाठी हेच पत्र वापरायचे झाल्यास ते क्षेत्र आधी पाहून घ्यावे लागते. ज्या मुद्द्यावर वाद होऊ शकतो त्याच्यावर पत्राचा भार टाकू नये. आपला खरा आधार आहे नोंदणीकृत करार. त्यात डिपॉझिटची रक्कम लिहिलेली आहे आणि ते केव्हा परत करायचे याचे कलमही असते. बहुतेक करारांत 'जागेचा ताबा परत देतेवेळी' असे शब्द असतात. आपल्या प्रतीत नेमके काय आहे ते पाहा आणि ते शब्द पत्रात जसेच्या तसे, कलमाच्या क्रमांकासह उतरवा.

आता कपातीकडे येऊ. जे आपले देणे आहे ते स्वतःहून मान्य करा. एप्रिलचे लाईट बिल आपल्या वापराचे आहे, काच आपल्याकडून फुटली आहे. या दोन रकमा आपणच वजा केल्या की उरलेल्या मागणीचे वजन वाढते. काचेसाठी बाजारातल्या काचवाल्याकडून त्या मापाचा दर लिहून घ्या. पुढच्या मसुद्यात मी तो ६५० रुपये धरला आहे.

रंगाचे बारा हजार ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि कोकणात डिपॉझिटचे निम्मे वाद याच भिंतीपाशी येऊन थांबतात. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आपटतो आणि चिरा ते पाणी धरून ठेवतो. जोत्याजवळ जमिनीतली ओलही वर चढते. पाऊस संपून भिंत वाळू लागली की त्या पाण्यातले क्षार बाहेर येतात, पांढरा लोणा दिसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. हे घर बंद ठेवले असते तरी झाले असते. वापरातली नैसर्गिक झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि बहुतेक करारांत तसा अपवाद लिहिलेलाही असतो. याउलट खिळ्यांची मोठी भोके, मुलांनी भिंतीवर केलेली रंगरंगोटी, फोडणीच्या धुराने काळवंडलेला आणि कधीच न पुसलेला ओट्यामागचा भाग, हे भाडेकरूचे नुकसान मानले जाते. फरक ओळखायला सोपा आहे. ओलीचा डाग जमिनीपासून किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून पसरत जातो आणि त्याच्या कडा अस्पष्ट असतात, बहुधा बाहेरच्याच भिंतींवर असतो. वापराचा डाग माणसाचा हात पोहोचतो त्या उंचीवर, खुर्चीच्या पाठीमागे, दिव्याच्या बटणाभोवती सापडतो. घर सोडताना काढलेले फोटो असतील तर त्यांत पश्चिमेची भिंत नक्की शोधा. मालकांनी अजून रंग दिला नसेल तर बारा हजार हा केवळ अंदाज आहे, आणि दिला असेल तर रंगाऱ्याचे बिल असायला हवे. म्हणून पत्रात ही रक्कम नुसती नाकारू नका, तिचा तपशीलही मागा.

व्याजाचा उल्लेख पत्रात अवश्य करा, आणि त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे देण्याची तारीख लेखी करारातूनच निश्चित होत नसेल, तर व्याज मागितल्याच्या लेखी नोटिशीत सांगितलेल्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. म्हणजे पत्रात व्याजाची ओळ नसेल तर मधला काळ वाया जाण्याची शक्यता असते. दर मागताना बँकेच्या मुदत ठेवीचा दर मागावा. अठरा किंवा चोवीस टक्के लिहून काही साधत नाही. साडेसहा टक्क्यांनी आपल्या रकमेवर महिन्याला साधारण दोनशे रुपये होतात, रक्कम लहान आहे, पण मागणी टिकणारी आहे.

पत्र कराराखाली ज्यांची सही आहे त्यांच्याच नावे आणि करारातल्या पत्त्यावर लिहा. आपल्याकडे घर पुष्कळदा सामाईक असते, घरपट्टीवर एका भावाचे नाव, किल्ली दुसऱ्याकडे आणि भाडे घेणारा तिसरा असे चालते. डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी करार करून ते घेणाऱ्याची आहे. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे दिली असेल त्यांचा उल्लेख तारखेसह करा. मी मसुदा असा करीन. कंसातली जागा आपण भरावी आणि जे खरोखर हाती नाही ते वाक्य गाळावे.

दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
श्री. (करारात आहे तसे पूर्ण नाव)
(करारातील मुंबईचा पत्ता)

विषय: सप्टेंबर २०२४ च्या भाड्याची पावती आणि डिपॉझिटची परतफेड

स. न. वि. वि.

आपल्या मालकीच्या रत्नागिरी येथील (घर क्रमांक व पत्ता) या जागेत मी दिनांक १ जून २०२४ ते ३० एप्रिल २०२५ या काळात नोंदणीकृत करारान्वये (दस्त क्रमांक व दिनांक) राहत होते. दिनांक ३० एप्रिल २०२५ रोजी मी जागा रिकामी केली आणि आपल्या सांगण्यावरून किल्ली (शेजाऱ्यांचे नाव) यांच्याकडे दिली.

सप्टेंबर २०२४ चे भाडे रुपये ९,००० मी दिनांक १३ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या रत्नागिरी येथील घरी आपल्या हातात रोख दिले. त्याच दिवशी मी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद आणि त्या संध्याकाळी आपल्याला पाठवलेला संदेश यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या सातही महिन्यांचे भाडे आपण स्वीकारले आणि त्या काळात सप्टेंबरचे भाडे बाकी असल्याचे कधीही कळवले नाही. सदर भाडे पूर्णपणे अदा झालेले असून त्यापोटी डिपॉझिटमधून कोणतीही कपात मला मान्य नाही. त्या रकमेची पावती मला अद्याप मिळालेली नाही. पावतीचा मजकूर सोबत जोडला आहे, त्यावर आजची तारीख घालून व सही करून तो मला पाठवावा, ही विनंती.

करारापोटी आपल्याकडे माझे रुपये ४०,००० डिपॉझिट जमा आहे. कराराच्या कलम (क्रमांक) प्रमाणे ते '(कलमातील नेमके शब्द)' परत करावयाचे होते. एप्रिल २०२५ चे वीजबिल रुपये १,१४० आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या एका काचेचे रुपये ६५० हे माझे देणे असून ते मला मान्य आहे. या रकमा वजा जाता रुपये ३८,२१० आपल्याकडून येणे आहेत.

रंगकामापोटी आपण तोंडी सांगितलेली रुपये १२,००० ची कपात मला मान्य नाही. भिंतींवरील डाग पावसाळी ओलीमुळे पडलेले आहेत, हे ३० एप्रिल २०२५ रोजीच्या सोबतच्या छायाचित्रांवरून दिसून येईल. माझ्या वापरामुळे एखाद्या भागाचे नुकसान झाले असे आपले म्हणणे असल्यास तो भाग, त्याचे छायाचित्र आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचे बिल मला पाठवावे. मी त्याचा प्रामाणिकपणे विचार करीन.

रुपये ३८,२१० ही रक्कम डिपॉझिट ज्या बँक खात्यातून आपल्याला मिळाले होते त्याच खात्यात दिनांक ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत जमा करावी. तसे न झाल्यास आजच्या तारखेपासून रक्कम मिळेपर्यंत बँकेच्या मुदत ठेवीच्या दराने व्याज मागण्याचा आणि योग्य त्या मार्गाने वसुली करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही व नाव)

या मसुद्यात आपण पैसे 'दिले' असे आहे, 'दिले होते असे आठवते' असे नाही. आपल्याला खात्री असेल तरच हा शब्द वापरा, आणि खात्री असेल तर दुसरा कोणताही वापरू नका. तारीख नक्की नसेल तर 'गौरी विसर्जनानंतर, दिनांक १३ सप्टेंबरच्या सुमारास' असे लिहिणे अधिक प्रामाणिक आणि अधिक सुरक्षित असते, कारण चुकीची नेमकी तारीख पुढे आपल्यालाच अडवते.

पाठवण्याबद्दल एक बदल लक्षात ठेवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट मागताना पोच मिळेल अशी सोय सांगून घ्या, पावती आणि ट्रॅकिंगची नोंद जपा आणि त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत आले तर ते उघडू नका. योग्य पत्त्यावर पाठवलेले पत्र पोहोचले असे गृहीत धरण्यास ते बंद पाकीटच उपयोगी पडते.

मुदत उलटली तर पोलिसांत जाण्यात वेळ घालवू नका, ते हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेही आपल्याला जाता येत नाही, कारण कलम २४ ची ती वाट मुदत संपलेल्या परवानाधारकाकडून ताबा घेऊ पाहणाऱ्या मालकासाठी आहे. एवढ्या रकमेसाठी मी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करायला सांगतो. त्याला कोर्ट फी लागत नाही, दोघांना बोलावले जाते आणि तडजोड झाली तर लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याइतकेच बळ असते. मर्यादा अशी की मालक आलेच नाहीत तर तिथे त्यांच्यावर सक्ती नसते, आणि मग दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावावा लागतो. त्यासाठी डिपॉझिट देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. 'पुढच्या गणपतीला बघू' अशी तोंडी आश्वासने ती मुदत वाढवत नाहीत.

एक शक्यता मला अधिक वाटते. मालक आपला हिशोब धरून एकदम १७,८६० रुपये खात्यात टाकतील आणि 'हिशोब पूर्ण' असा संदेश पाठवतील. पैसे परत करू नका, पण त्या संदेशाखाली अंगठा किंवा 'धन्यवाद'ही पाठवू नका. त्याच दिवशी उत्तर लिहा: 'रुपये १७,८६० मिळाले. ही रक्कम अंशतः स्वीकारली आहे. ६ ऑक्टोबर २०२५ च्या पत्राप्रमाणे उरलेले रुपये २०,३५० व सप्टेंबर २०२४ ची पावती येणे बाकी आहे.'